शनिवारचे सहा चौकोन

शनिवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास ताईंनी एक फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "अरे, कुणीतरी भाषा बदलली आणि सगळं चौकोन चौकोन झालंय. आपली यादी गेली का रे?"

ताई लालबागमधल्या एका चाळीच्या तळमजल्यावरची अभ्यासिका सांभाळतात. खोल्या दोनच. एकीत पुस्तकांची कपाटं, दुसरीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, आणि कोपऱ्यात लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक जुना संगणक. मेमरी जेमतेम, म्हणून मी त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला होता. पंधरा दिवसांपूर्वी त्याची डिस्क गेली. नवी बसवली आणि एका संध्याकाळी घाईत सगळं पुन्हा टाकून दिलं. पुस्तकांची यादी पेनड्राइव्हवर होती, ती परत आली, उघडून पाहिली, दिसली. मी निघालो. ती घाई पुढे अंगाशी आली.

फोटो मोठा करून पाहिला. पडद्याच्या पट्टीवर उजव्या कोपऱ्यात घड्याळ. त्यातली वेळ, 10:42, अगदी स्वच्छ. तिच्या शेजारी सहा चौकोन. मेनूत काही शब्द इंग्रजीत शाबूत, काहींच्या जागी चौकोनांच्या रांगा. हे अर्धंमुर्धं इंग्रजी बघून घाबरायचं कारण नाही. एक्सएफसीईचं सगळंच मराठीत भाषांतर झालेलं नाही, आणि जे झालेलं नाही ते इंग्रजीतच राहतं. पण महत्त्वाची गोष्ट त्या सहा चौकोनांच्या आत होती. प्रत्येकात मुंगीएवढ्या अक्षरांत चार खुणा, दोन वर, दोन खाली. फोटो ताणून ताणून वाचल्या:

```
0936 0928 093F 0935 093E 0930
```

युनिकोडमध्ये देवनागरीला 0900 ते 097F हा पट्टा दिलेला आहे, आणि त्यातल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला, चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. 0936 म्हणजे श, 0928 म्हणजे न, 093F ही ऱ्हस्व वेलांटी, 0935 व, 093E काना, 0930 र. शनिवार. डोळ्यांना अक्षरं चारच दिसतात, पण संगणकाच्या लेखी वेलांटी आणि काना ही स्वतंत्र चिन्हं, म्हणून चौकोन सहा. वेलांटीचा चौकोन न च्या नंतर आहे हेही बघण्यासारखं. साठवताना ती उच्चाराच्या क्रमाने, न च्या मागून येते. तिला उचलून न च्या आधी नेऊन ठेवणं हे पडद्यावर रेखाटतानाचं काम, आणि गोष्ट तिथपर्यंत पोचलीच नव्हती.

म्हणजे संगणकाला आजचा वार ठाऊक होता, तो मराठीत लिहायचा हेही ठाऊक होतं, सहाही चिन्हं बिनचूक हाती होती. ती काढून दाखवायला अक्षरांचे साचे तेवढे नव्हते. मी ताईंना कळवलं, "काही गेलेलं नाही. फॉन्ट नाहीये. दुपारनंतर येतो."

फोटोवरून इतकं ठामपणे सांगता येतं, कारण बिघडलेली मराठी पडद्यावर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी दिसते आणि त्या तिन्हींचे आजार वेगळे आहेत. चौकोन दिसले तर मजकूर शाबूत, फॉन्ट गायब. चौकोनांऐवजी ओळीने प्रश्नचिन्हं दिसली तर बहुतेक वेळा मजकूरच गेलेला असतो. मधल्या कुठल्यातरी प्रोग्रॅमला देवनागरी साठवता आली नाही आणि त्याने प्रत्येक अक्षराच्या जागी ? लिहून टाकलं, ते कितीही फॉन्ट टाकले तरी परत येत नाही. आणि à¤¶à¤¨ असलं काही दिसलं तर मजकूर आहे, पण तो वाचणाऱ्याने चुकीच्या पद्धतीने वाचला आहे. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत श ला तीन बाइट लागतात, आणि ते तीन बाइट सुटे सुटे युरोपीय अक्षरं म्हणून वाचले की हे असं होतं. फॉन्टचा तिथे काही दोष नसतो.

चौकोनात क्रमांक दिसणं हा नशिबाचा भाग होता. एक्सएफसीईचे मेनू आणि फायरफॉक्स असे क्रमांक छापतात. इतर बऱ्याच ठिकाणी नुसताच रिकामा चौकोन येतो, आणि मग कुठलं अक्षर अडलं आहे ते अंदाजाने शोधावं लागतं. तो रिकामा चौकोनही आकाशातून पडत नाही. प्रत्येक फॉन्टमध्ये अक्षराकृतींना क्रमांक असतात आणि शून्य क्रमांकाची जागा 'हे अक्षर माझ्याकडे नाही' एवढं सांगणाऱ्या आकृतीसाठी राखीव असते. तिचं नाव .notdef. बहुतेक फॉन्ट बनवणारे तिथे चौकोन काढतात. दिसायला सोयाबीनच्या पनीरच्या वडीसारखा, म्हणून या धंद्यातले लोक त्याला टोफू म्हणतात. 'टोफू नको' यावरूनच गूगलच्या नोटो या फॉन्टमालिकेचं नाव पडलं.

आता भाषा बदलल्यावरच हे का झालं? लोकांची समजूत अशी की भाषा निवडली म्हणजे त्या भाषेचं सगळं सामान आलं. प्रत्यक्षात भाषा बदलणं म्हणजे प्रोग्रॅमना एवढंच सांगणं की शब्द या यादीतून घ्या, वार आणि महिने त्या यादीतून घ्या. डेबियनमध्ये या निवडीचं नाव mr_IN. वारांची नावं त्याच्याबरोबर येतात, फॉन्ट येत नाहीत. फॉन्ट हे वेगळं पॅकेज. मी इन्स्टॉल करतानाच मराठी निवडली असती तर इन्स्टॉलरने देवनागरी फॉन्टही ओढून आणले असते. पण मी इंग्रजीतून इन्स्टॉल केलं, डिस्कवर जागा वाचावी म्हणून शिफारस केलेली पॅकेजं वगळली, आणि तारखा मराठीत याव्यात म्हणून mr_IN तेवढं तयार करून ठेवलं. लॉगिनच्या पडद्यावरच्या भाषांच्या यादीत ते आपसूक दिसायला लागलं. अभ्यासिकेतल्या एका मुलाला मराठी टंकलेखनाचा सराव करायचा होता. त्याने यादीत मराठी पाहिली आणि निवडली. त्यात त्याचं काय चुकलं?

दुपारी त्याच मुलाचा फोन. "दादा, तुम्ही म्हणताय फॉन्ट नाही, पण फॉन्ट आहे. पुस्तकांची यादी उघडली, मराठीत दिसतेय सगळी. सरकारी जाहिरातीची पीडीएफ पण दिसतेय."

इथेच पुष्कळ जण वाट चुकतात. त्याचं म्हणणं खरं होतं, निष्कर्ष खोटा होता. पीडीएफ बनवताना लागणारी अक्षरं सहसा फाइलच्या आतच भरलेली असतात. ती फाइल आपला शिधा बरोबर घेऊन येते, यजमानाच्या घरात काही आहे की नाही याच्याशी तिला कर्तव्य नसतं. अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळंही आपला फॉन्ट पानासोबत पाठवतात. म्हणून एकाच ब्राउझरमध्ये बातमी वाचता येते आणि टॅबवरचं तिचंच शीर्षक चौकोनांत दिसतं, कारण टॅबची पट्टी पानाच्या फॉन्टवर चालत नाही, संगणकाच्या फॉन्टवर चालते. तो टॅब त्याला बघायला सांगितला. "हो दादा, वर चौकोनच आहेत."

यादीची गोष्ट आणखी गमतीची. ती यादी कित्येक वर्षांपूर्वी कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. त्या फाइलमध्ये मराठीचं एकही अक्षर नाही. 'पुस्तक' या शब्दाच्या जागी तिथे iqLrd एवढं साठवलेलं आहे. कृतिदेव हा फॉन्ट i च्या जागी प काढतो, q च्या जागी उकार, L च्या जागी अर्धा स, r च्या जागी त आणि d च्या जागी क. संगणकाच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरंच, फक्त मराठी कपडे घातलेली. डिस्क बदलल्यावर मी यादी उघडून पाहिली आणि 'मराठी दिसतंय' म्हणून समाधानाने घरी गेलो, ते या कपड्यांना फसून. कृतिदेव मी आठवणीने टाकला होता. खरी देवनागरी दाखवणारा एकही फॉन्ट त्या संगणकावर नव्हता आणि पंधरा दिवस ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळं काम यादी आणि पीडीएफवरच चाललं होतं.

मी मुलाला टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायला सांगितलं. त्याचं चिन्ह पट्टीवर असल्यामुळे शब्द वाचता येत नसले तरी अडत नव्हतं. त्याच्याकडून हे टाइप करून घेतलं:

```
fc-list :lang=mr family
```

मराठीला पुरतील एवढी अक्षरं असलेल्या फॉन्टांची नावं यायला हवीत. काहीच आलं नाही, नुसती पुढची ओळ. कृतिदेव संगणकावर असूनही या यादीत आला नाही. त्याच्या साच्यांवर लॅटिन अक्षरांचे क्रमांक आहेत, देवनागरीचे नाहीत, म्हणून तो मराठीत मोजलाच जात नाही.

याच घराण्यातली fc-match ही आज्ञा फसवी आहे, म्हणून ती त्याला सांगितली नाही. संध्याकाळी मी स्वतः चालवून बघितली:

```
$ fc-match sans:lang=mr
DejaVuSans.ttf: "DejaVu Sans" "Book"
```

बघणाऱ्याला वाटेल, मराठीसाठी डेजाव्हू आहे की. पण fc-match कधीच 'नाही' म्हणत नाही. जे आहे त्यातलं त्यातल्या त्यात बरं ती पुढे करते. डेजाव्हूमध्ये ग्रीक आहे, रशियन आहे, अरबी आहे, देवनागरी नाही. घड्याळाने शनिवार लिहायला घेतल्यावर नेमकं हेच झालं. आधी नेमलेल्या फॉन्टला विचारलं, त्याच्याकडे श नाही. मग संगणकावरच्या बाकी फॉन्टांना एकेक करून विचारलं, कुणाकडेच नाही. शेवटी चौकोन. ही एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची साखळी प्रत्येक संगणकात आणि फोनमध्ये असतेच, कारण एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ च्या घरात आकृत्या मावतात आणि २०२४ च्या युनिकोडमध्ये अक्षरं आहेत १,५४,९९८. सगळ्या जगाला पुरेल असा एकच फॉन्ट बनूच शकत नाही.

फोन ठेवताना मुलाला बजावलं होतं, मी येईपर्यंत काही करू नकोस. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. त्याने केलंच.

आधी त्याने सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या डेस्कटॉपचा फॉन्ट कृतिदेव करून टाकला. यादीत चालतो तर मेनूत का नाही, हा तर्क. परिणाम असा झाला की मराठी शब्दांचे चौकोन जिथल्या तिथे राहिले आणि आतापर्यंत वाचता येणारे इंग्रजी शब्दही गेले. File या शब्दाच्या जागी 'थ्पसम' दिसायला लागलं. F चा अर्धा थ, i चा प, l चा स, e चा म. त्याचा फोटोही मला आला, सोबत हसून रडणारे चेहरे.

मग त्याने एका मित्राच्या जुन्या संगणकावरून पेनड्राइव्हवर एक देवनागरी फॉन्ट आणला. या वेळी मात्र खरा, युनिकोडचा. होम फोल्डरमध्ये .fonts नावाचं फोल्डर करून फाइल त्यात टाकली, लॉगआउट करून परत आला, आणि घड्याळात 'शनिवार' उमटला. मी पाच वाजता करी रोडला उतरून पोचलो तेव्हा तो विजयी मुद्रेने बसला होता. "झालं दादा. फक्त दोन गोष्टी राहिल्यात."

त्या दोन गोष्टी मला सकाळच्या सहा चौकोनांपेक्षा जास्त आवडल्या.

पहिली अशी की लॉगिनच्या पडद्यावर अजूनही चौकोन होते. आत गेलं की मराठी, बाहेर आलं की चौकोन. होम फोल्डरमधला फॉन्ट ते होम ज्याचं आहे त्यालाच दिसतो. लॉगिनचा पडदा कुणीही आत शिरण्याआधी चालतो, वेगळ्याच वापरकर्त्याच्या नावाने, आणि त्याला या मुलाच्या घरात डोकावता येत नाही. ताईंचं खातं वेगळं, त्यामुळे त्यांच्या पडद्यावरही चौकोनच राहिले असते. फॉन्ट सगळ्यांसाठी हवा असेल तर तो /usr/local/share/fonts मध्ये जातो, किंवा पॅकेजमधून आला तर आपोआप /usr/share/fonts मध्ये.

दुसरी गोष्ट बारीक होती. मजकूर सगळा वाचता येत होता, पण एका पानावरच्या 'ॲप' या शब्दात 'ॲ' च्या जागी चौकोन होता आणि पुढचा प व्यवस्थित. चौकोनात लिहिलं होतं 0972. मी त्याला दोन आज्ञा एकापाठोपाठ चालवायला सांगितल्या:

```
fc-list :charset=0936 family
fc-list :charset=0972 family
```

पहिली विचारते, श कुणाकडे आहे? पेनड्राइव्हवरून आलेल्या फॉन्टचं नाव आलं. दुसरी विचारते, ॲ कुणाकडे आहे? कुणाकडेच नाही. फॉन्टच्या फाइलवरची तारीख २००३ ची निघाली आणि उलगडा झाला. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी अ काढून त्यावर चंद्र ठेवायचा, म्हणजे अ आणि ॅ अशी दोन चिन्हं. २००३ च्या फॉन्टला २००८ चं अक्षर कुठून माहीत असणार? हिंदीत हे अक्षर लागत नाही, म्हणून हिंदी मजकुरावर तो फॉन्ट तपासणाऱ्याला त्यात खोट सापडलीच नसती. मराठीत मात्र ॲडव्होकेट, ॲसिड, ॲल्युमिनियम, जिथे तिथे ते आडवं येतं.

या अक्षराची आणखी एक अडचण आहे, ती ग्रंथालयवाल्यांनी ध्यानात ठेवावी. जुन्या पद्धतीचा दोन चिन्हांचा 'अॅ' आणि नवा एकसंध 'ॲ' दिसायला जवळजवळ सारखे. पण एक टाइप करून शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली नोंद साध्या शोधात सापडत नाही. फॉन्ट दोन्ही नीट दाखवेल, शोध मात्र चुकेल.

तो फॉन्ट काढून टाकायला लावला. जुना होता हे एक कारण. दुसरं असं की विकत घेतलेल्या प्रणालीबरोबर आलेला फॉन्ट उचलून दुसऱ्या यंत्रावर टाकायची परवानगी सहसा नसते, आणि मोकळ्या परवान्याचे उत्तम देवनागरी फॉन्ट असताना ती उसनवारी करायची गरजही नाही. मग माझ्या फोनचं हॉटस्पॉट चालू केलं:

```
export LC_ALL=C
sudo apt update
sudo apt install fonts-noto-core
```

पहिली ओळ अशासाठी की पॅकेजं उतरवणाऱ्या apt चे संदेशही मराठीत येतात, आणि अजून फॉन्ट नसलेल्या टर्मिनलात ते वाचणार कसे? LC_ALL=C म्हटलं की त्या खिडकीपुरतं सगळं इंग्रजीत येतं. पडदाभर चौकोन असताना बाहेर पडायचा हा खात्रीचा दरवाजा आहे.

fonts-noto-core मध्ये देवनागरीशिवाय इतर अनेक लिप्या येतात, त्यामुळे उतरायला वेळ लागतो. fonts-lohit-deva हे छोटं पॅकेज घेतलं असतं तर लोहित फॉन्ट एका क्षणात आला असता आणि चौकोनही गेले असते. तरी मी नोटोसाठी थांबलो, कारण लोहितमध्ये जाड अक्षरांचा वेगळा साचा नाही. ठळक अक्षर लागलं की संगणक बारीक अक्षरालाच रेघ चढवून फुगवतो, आणि मेनूच्या आकारात ठ, ष, क्ष यांची पोटं भरून जातात. ताईंच्या चष्म्याचा नंबर मला माहीत आहे.

पॅकेज बसल्यावर fc-match पुन्हा चालवलं. या वेळी उत्तरात NotoSansDevanagari-Regular.ttf आलं. पण एवढ्यावर थांबायचं नसतं, fc-match किती भोळी आहे ते वर सांगितलंच. charset=0972 वाली आज्ञा चालवली, नोटोची नावं ओळीने आली. मग संगणक बंद करून चालू केला, कारण आधीपासून उघडे असलेले प्रोग्रॅम नव्या फॉन्टची दखल घेतीलच असं नाही. लॉगिनच्या पडद्यावर शनिवार. आत गेल्यावर शनिवार. ताईंच्या खात्यातही शनिवार.

तपासायला मी एक ओळ खिशात ठेवतो, ती टाइप केली: 'तऱ्हेवाईक ॲडव्होकेटने ऑक्टोबरात कुऱ्हाडीचा किस्सा हृद्य शब्दांत लिहिला.' अर्थाकडे बघू नका. ऱ्ह मधला आडवा र, ॲ, ऑ, हृ, द्य आणि अक्षराच्या आधी जाणारी वेलांटी एवढं सगळं एका ओळीत बसतं. वेलांटी अक्षराच्या मागे पडली किंवा जोडाक्षरं पाय मोडून उभी राहिली, तर फॉन्ट आहे पण जुळणी करणारा भाग काम करत नाही. एखाद्या काना-मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर टाइप करतानाच मात्रा अनाथ पडली आहे, तिच्याआधी अक्षर नाही. दोन्हींत नवीन फॉन्टचा उपयोग शून्य. आमची ओळ नीट उमटली. पट्टीवर मात्र वेलांटीचा माथा कापला जात होता, कारण देवनागरीला इंग्रजीपेक्षा वर जास्त जागा लागते. पट्टीची उंची थोडी वाढवली, माथा मोकळा झाला.

"आता कुठे चौकोन दिसणार नाहीत ना?" ताईंनी विचारलं.

एका ठिकाणी दिसतील, ते मी करून दाखवलं. Ctrl+Alt+F3 दाबलं की खिडक्यांच्या आधीच्या काळातला काळा पडदा येतो. तिथे नोटो काय, कुठलाच असा फॉन्ट चालत नाही. तो पडदा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतः काढतो, त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय त्यात नाही. तिथलं काम इंग्रजीतच करायचं.

"आणि माझ्या घरच्या लॅपटॉपवर भाषा बदलली तर?" त्यांच्या घरी विंडोज १० आहे. तिथे निर्मला यूआय हा फॉन्ट मुळातच असतो आणि त्यात देवनागरी आहे, त्यामुळे मेनूत चौकोन यायचं कारण नाही. जुन्या कागदपत्रांत मंगल किंवा कोकिला फॉन्ट नेमलेला असेल तर अक्षरांचं वळण बदललेलं दिसेल, कारण ते फॉन्ट आता मुळात येत नाहीत. सेटिंगमधल्या Optional features मध्ये Devanagari Supplemental Fonts शोधून टाकले की परत येतात. फोनवर मात्र आपल्या हातात फारसं काही नसतं. अँड्रॉइडचे फॉन्ट प्रणालीच्याच भागात बंद असतात आणि सहसा प्रणालीच्या अपडेटबरोबर बदलतात. नव्या इमोजीच्या जागी जुन्या फोनवर चौकोन दिसतो तो याचमुळे. पाठवणाऱ्याने बरोबर पाठवलेलं असतं, आपल्या फोनचा फॉन्ट त्या इमोजीच्या आधीचा असतो.

निघता निघता ताईंनी पुस्तकांची यादी उघडली. नोटो आल्यावर ती 'खरी मराठी' झाली असेल असं त्यांना वाटलं होतं. मी एका नोंदीवर फॉन्ट बदलून नोटो लावून दाखवला. पडद्यावर आलं, iqLrd. चौकोन नाही, काही नाही. i, q, L ही अक्षरं प्रत्येक फॉन्टमध्ये असतातच, मग चौकोन कशाला येईल? त्या यादीला फॉन्ट नाही, रूपांतर लागणार. प्रत्येक खुणेच्या जागी खरं अक्षर, वेलांट्या उचलून अक्षरानंतर, रफार त्यांच्या जागी, आणि मग माणसाने बसून नोंद न् नोंद तपासणं. यादीची एक प्रत मी पेनड्राइव्हवर घेतली आणि दोन रविवार मागितले.

"घे की," ताई म्हणाल्या. "पण मूळ फाइलला हात लावू नकोस. कृतिदेव गेला तरी मी वाचू शकते. इतकी वर्षं टाइप केलंय, iqLrd म्हणजे पुस्तक हे मला तोंडपाठ आहे."